प्रतिक्रियेतून ज्येष्ठांच्या नजरेत येताना

आपल्या क्षेत्रातील ज्येष्ठांच्या लिंक्डइन पोस्टखाली ‘छान माहिती, सर’ असे लिहिणारे पुष्कळ असतात आणि ते कोणाच्याही लक्षात राहत नाहीत. त्याऐवजी पोस्टमधील एकच मुद्दा धरून त्याला आपल्या कामातील एखादे निरीक्षण जोडावे. समजा, एका अनुभवी स्ट्रक्चरल इंजिनिअरने काँक्रीटच्या क्युरिंगवर, म्हणजे ते पाण्याने ओले ठेवण्यावर, लिहिले आहे; तिथे तरुण साइट इंजिनिअरने असे लिहावे: “आमच्याकडे पीपीसी सिमेंट होते. ज्या स्लॅबवर सातव्या दिवशी पाणी थांबले, तिथे बारीक तडे दिसले. दहा दिवस पाणी दिलेल्या स्लॅबवर दिसले नाहीत. कडक उन्हाळ्यात आपण चौदा दिवस धरता का?” काँक्रीटकामाच्या आयएस 456 या भारतीय मानकातही पीपीसीसारख्या मिश्र सिमेंटसाठी किमान 10 दिवस सांगून ते 14 पर्यंत वाढवण्याची शिफारस केली असल्याने, हा प्रश्न जाणकाराचा आहे हे वाचणाऱ्याला लगेच कळते. प्रतिक्रियेसोबत आपल्या नावाखालची ओळखओळ दिसते, म्हणून तिथे ‘नोकरीच्या शोधात’ यापेक्षा आपले काम लिहिलेले बरे. प्रकल्पाचे व ग्राहकाचे नाव मात्र कटाक्षाने टाळावे. उत्तर आले, तर त्यावर पुन्हा एकदा नेमके लिहावे आणि मगच ओळखीची विनंती पाठवावी. पहिल्याच दिवशी बायोडेटा धाडला, तर केलेले सगळे मुसळ केरात.