आजोबांची तलवार: मूठ मराठा, पातं फिरंगी

जुन्या नाशकातल्या वाड्यातली आमची तलवार मूठ पाहून सगळे 'शिवकालीन' ठरवत. मोबाईलच्या फोटोंतून काहीच कळेना. वैताग आला होता. उलगडा झाला तो असा.

आधी म्यान त्याच्या तोंडाशी, मोहनळीपाशी, पाठीच्या बाजूने धरलं. मुठीत आवळायचं नाही, कारण जुन्या म्यानाची शिवण धारेने आतून कापलेली असू शकते. टोक माणसांपासून लांब ठेवून पातं सावकाश ओढलं. मुठीजवळ दसऱ्याच्या हळदीकुंकवाचा थर होता. शिलाई मशीनचं तेल रात्रभर लावून तो सुती कापडाने पुसला. पॉलिशपेपर किंवा लिंबू नको, खुणा जातात. मग अंधारात टॉर्च आडवा धरला. सरळ पात्यावर तीन समांतर खोबणी आणि दातेरी चंद्रकोरींची जोडी उमटली. ही खूण इटलीतल्या जिनोआशी जोडतात. अशी युरोपी पाती सतराव्या शतकात इकडे येत आणि त्यांना देशी मूठ चढवत. त्यामुळे मुठीचं आणि पात्याचं वय वेगळं धरावं.

इथले कारागीरही ही खूण ठोकत, म्हणून खोबणी तपासल्या: टोकापर्यंत सरळ, एकसारख्या. त्यामुळे माझा कौल आयात पात्याकडे आहे, पण नेमकं साल यातून निघत नाही. लवचिकपणा पाहायला वाकवू नका, मुठीत पातं धरून ठेवणारी राळ तडकते.

आता तेलाचा हात देऊन ती म्यानाबाहेर, कुलपात ठेवली आहे. पावसाळ्यात म्यानाचं चामडं ओल धरतं.