इन्व्हर्स काढताना x सुटा कसा करायचा

समजा, पिंपळगाव बसवंतला टोमॅटोचे x क्रेट ४०० रुपये दराने घेतले. नाशिकपर्यंत भाडं-हमाली २,००० रुपये झाली आणि १० क्रेट दबून वाया गेले. मग विकण्याजोगा एक क्रेट केवढ्याला पडला?

f(x) = (400x + 2000)/(x − 10)

छेद x = 10 ला शून्य होतो, म्हणून डोमेनमधून १० वगळा. फंक्शन (ax + b)/(cx + d) या रूपात आहे, तेव्हा ad − bc पाहून घ्या: 400·(−10) − 2000·1 = −6000. हे शून्य आलं असतं तर अंश छेदाच्या पटीत असता, फंक्शन स्थिर झालं असतं आणि इन्व्हर्सच नसता.

आता उलटा प्रश्न: क्रेट y रुपयांना पडायला हवा, तर किती घ्यायचे?

y(x − 10) = 400x + 2000

घोळ इथेच होतो. पुष्कळ जण ४०० ने भागून x = (y(x − 10) − 2000)/400 लिहितात आणि खाली रेघ ओढतात. उजवीकडे x अजून बसलेलाच आहे, तेव्हा हे उत्तर नव्हे. ‘सुरुवातीलाच x-y ची अदलाबदल करा’ हा सल्लाही मला पटत नाही. चूक नाही, पण पुढे कोणता x मूळचा हे कळेनासं होतं. अदलाबदल शेवटी करा. आधी कंस सोडवा, x असलेली सगळी पदं एका बाजूला आणा, मगच x सामाईक काढा:

xy − 10y = 400x + 2000
xy − 400x = 10y + 2000
x(y − 400) = 10y + 2000

y − 400 ने भागायचं तर y ≠ 400 हवं. y = 400 ठेवलं तर 0 = 6000 उरतं, म्हणजे ४०० ही किंमत कधीच मिळत नाही. रेंज: ४०० सोडून सगळ्या वास्तव संख्या.

f⁻¹(x) = (10x + 2000)/(x − 400)

वगळलेली ४०० म्हणजेच f ची आडवी असिम्प्टोट, कारण f(x) = 400 + 6000/(x − 10). क्रेट कितीही वाढवा, ते जास्तीचे ६,००० अधिकाधिक क्रेटांवर वाटले जातात, पण संपत नाहीत. इन्व्हर्समध्ये हीच रेघ उभी होते, x = 400, आणि f ची उभी रेघ x = 10 आडवी होऊन y = 10 बनते. वर्गात असिम्प्टोट वेगळ्या धड्यात शिकवतात, म्हणून हा दुवा निसटतो.

पडताळा: f⁻¹(450) = 6500/50 = 130, आणि f(130) = 54000/120 = 450.

f⁻¹(300) मात्र −५० देतं. बीजगणित बरोबर आहे, f(−50) खरंच ३०० येतं, पण उणे क्रेट कोणी घेत नाही. व्यवहारात x > 10 धरावं लागतं, त्यामुळे f ची रेंज y > 400 एवढीच उरते आणि इन्व्हर्सचं डोमेनही x > 400 असंच लिहावं लागतं.