डिपॉझिटमधून कापलेल्या पैशांबद्दल घरमालकाला उत्तर कसं लिहावं

म्हापशातला फ्लॅट आम्ही दोन वर्षांनी सोडला. डिपॉझिट ५०,००० रुपये होतं. बँकेत २३,४६० जमा झाले आणि व्हॉट्सअ‍ॅपवर हिशेबाचा स्क्रीनशॉट आला: रंगकाम १८,०००, साफसफाई ३,०००, नळ १,२००, वीजबिल २,३४०, एकूण २६,५४०.

रागाच्या भरात लगेच फोन करू नका. आधी तो स्क्रीनशॉट आला त्या तारखेसकट चॅट जपून ठेवा आणि कॅल्क्युलेटर घ्या. आमच्या हिशेबात रकमांची बेरीज २४,५४० होत होती. म्हणजे दोन हजार नुसत्या बेरजेतच जास्त कापले गेले होते. उत्तराची सुरुवात इथूनच करा, कारण यात वादाला जागाच नसते.

मग आपल्याकडून खरंच लागू असलेलं मान्य करा. नळ आमच्या हातून तुटला होता, वीजबिल शेवटच्या रीडिंगचं होतं. हे ३,५४० आम्ही सरळ कबूल केले. त्यामुळे पुढचं म्हणणं मालक ऐकून घेतात.

खरा वाद रंगाचा असतो. गोव्यात पावसाळाभर बाहेरच्या भिंतीतून ओल आत येते, प्लास्टर फुगतं, काळी बुरशी धरते. हा भाडेकरूचा निष्काळजीपणा नव्हे. भाडेपट्ट्याला लागू होणाऱ्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १०८ मध्येही, घर परत देताना रोजच्या वापराने होणारी झीज भाडेकरूच्या माथी मारलेली नाही. पण तुमच्या करारात ‘जाताना रंग लावून द्यावा’ असं कलम असेल तर बाजू कमकुवत होते, म्हणून करार आधी वाचा. खिळ्यांची भोकं, मुलांच्या रेघोट्या यांचा खर्च मात्र आपला.

ओल कुठून आली ते दाखवायला फोटो हवेत. आम्ही जुलैतच बेडरूमच्या पश्चिमेकडच्या भिंतीचा फोटो मालकांना पाठवला होता, तोच मेसेज उत्तराला जोडला. तेव्हा कळवलं नसेल तर ‘ही ओल तुमच्यामुळेच’ म्हणायला त्यांना वाव मिळतो.

उत्तर लेखी आणि छोटं ठेवा:

‘नमस्कार सर, आपला हिशेब मिळाला. रकमांची बेरीज २४,५४० होते, २६,५४० नाही. नळ व वीजबिलाचे ३,५४० मान्य आहेत. बेडरूमची भिंत बाहेरच्या ओलीमुळे खराब झाली. जुलैतला मेसेज सोबत आहे, त्यामुळे रंगाचे १८,००० मान्य नाहीत. साफसफाईचं बिल मिळालेलं नाही. चावी देतानाचे फोटो सोबत आहेत, त्यात घर स्वच्छ दिसतं. ५०,००० मधून ३,५४० वजा जाता ४६,४६० होतात. २३,४६० मिळाले, २३,००० बाकी आहेत. कृपया १५ दिवसांत जमा करावेत.’

हाच मजकूर ईमेलनेही पाठवा. मालकांनी साफसफाईचं खरं बिल दाखवलं तर त्या तीन हजारांवर तडजोड करायला हरकत नाही, आम्ही अर्धे सोडले. उत्तरच आलं नाही तर वकिलामार्फत नोटीस पाठवा, आणि ती पाठवताना हाच मेसेज सोबत जोडा.