गीतेच्या तेराव्या अध्यायाची तळटीप देताना या चुका टाळा

नागपुरात सीताबर्डीवर टायपिंगवाल्यांकडे थीसिसची गर्दी सुरू झाली की माझ्याकडे पण फाईली येतात, "काका, फक्त तळटिपा बघून द्या ना." आणि दरवर्षी मी सगळ्यात आधी तेरावा अध्याय उघडतो, कारण चूक तिथेच सापडते.

गोष्ट अशी आहे. काही प्रतींमध्ये या अध्यायाच्या सुरुवातीला अर्जुनाचा एक प्रश्न आहे, "प्रकृतिं पुरुषं चैव". बऱ्याच प्रतींमध्ये तो नाही, तिथे अध्याय थेट "इदं शरीरं कौन्तेय" पासून सुरू होतो. शंकराचार्यांच्या भाष्यातही तो श्लोक नाही. तो धरला की अध्यायात ३५ श्लोक, गीतेत ७०१. सोडला तर ३४, आणि ७००. म्हणजे या एका अध्यायात सगळे आकडे एकाने सरकतात, बाकी सतरा अध्याय जसेच्या तसे, म्हणून कोणाच्या लक्षातच येत नाही.

मागे एका मुलाने क्षेत्रज्ञावर पूर्ण प्रकरण लिहिलं होतं, मेहनतीने लिहिलं होतं. "क्षेत्रज्ञं चापि मां विद्धि" हा श्लोक त्याने मोबाईलच्या ॲपमधून घेतला, तिथे तो १३.३ होता. त्यावरचं शांकरभाष्य, जे चांगलं लांबलचक आहे, ते लायब्ररीतल्या छापील पुस्तकातून घेतलं, तिथे तोच श्लोक १३.२. त्यामुळे एका पानावर तळटीप १३.३, पुढच्या पानावर भाष्याची तळटीप १३.२, आणि वाचणाऱ्याला वाटतं की हे दोन वेगळे श्लोक आहेत. व्हायवाला परीक्षकांनी त्यांची प्रत काढली, १३.३ उघडला, तर तिथे "तत्क्षेत्रं यच्च यादृक्च". विचारलं, यात क्षेत्रज्ञ कुठे आहे? पोराला उत्तर देता आलं नाही, कारण आकडे का जुळत नाहीत हेच त्याला माहीत नव्हतं.

नंतर तो म्हणाला, काका, सगळ्यातून एक वजा करून टाकतो. मी म्हटलं, थांब रे बाप्पा. अर्ध्या तळटिपा ॲपच्या, अर्ध्या पुस्तकाच्या, सरसकट एक वजा केला तर ज्या बरोबर आहेत त्या पण चुकतील. शेवटी प्रत्येक श्लोकाचे पहिले शब्द बघून एकेक तळटीप हातानेच दुरुस्त केली, दोन संध्याकाळी गेल्या.

म्हणून माझी सवय सांगतो. प्रत हातात घेतली की आधी तेराव्या अध्यायाचा शेवटचा श्लोक बघायचा, "क्षेत्रक्षेत्रज्ञयोरेवम्". त्याच्यापुढे ३४ आहे की ३५, यावरून पाच सेकंदात कळतं. मग एकच क्रम ठरवायचा आणि तो पहिल्या तळटिपेत लिहून टाकायचा. आणि नुसता आकडा कधीच द्यायचा नाही, श्लोकाचे पहिले दोन-तीन शब्द सोबत द्यायचे, म्हणजे वाचणाऱ्याची प्रत कोणतीही असो, त्याला श्लोक सापडतो:

१. भगवद्गीता १३.२, "क्षेत्रज्ञं चापि मां विद्धि" (३४ श्लोकांचा क्रम).
२. शांकरभाष्य, गीता १३.२ वर, पृ. __.

भाष्याला पान नंबर हवाच, कारण या एकाच श्लोकावरचं भाष्य कित्येक पानं चालतं, नुसतं १३.२ लिहिलं तर तुमचं वाक्य कोणी कुठे शोधायचं? आणि पान नंबर आला की संपादक, प्रकाशक, वर्ष पण आलंच, पहिल्या वेळी पूर्ण, नंतर छोटं.

ॲपवरून आकडे कॉपी करायची घाई मला अजिबात पटत नाही. ॲप वाचायला ठीक आहे, तळटीप मात्र जे पुस्तक तुम्ही उघडलं त्याचीच द्या. भाष्यात आचार्यांनी एखादं उपनिषद उद्धृत केलं असेल आणि तुम्ही ते उपनिषद उघडलंच नसेल, तर "शांकरभाष्यात उद्धृत" असंच लिहा.

महाभारतातून गीता देत असाल तर आणखी एक भानगड. भांडारकर संस्थेच्या चिकित्सक आवृत्तीत गीता म्हणजे भीष्मपर्वाचे अध्याय २३ ते ४०, आणि नीलकंठी पाठात २५ ते ४२. म्हणजे गीतेचा तेरावा एकीकडे ६.३५, दुसरीकडे ६.३७. आवृत्ती लिहिली नाही तर दोन अध्यायांची चूक.

ज्ञानेश्वरीत "ज्ञाने. १.१" लिहिलं तर ते "ॐ नमो जी आद्या" आहे की "धर्मक्षेत्रे कुरुक्षेत्रे" या श्लोकावरच्या ओव्या? "ओवी" हा शब्द लिहाच. आणि राजवाडे प्रत की साखरे प्रत तेही लिहा, दोन्हींत ओव्यांची संख्या सारखी नाही.

आणि "तत्रैव". हे मी शेवटच्या रात्रीपर्यंत लिहूच देत नाही. मधे एक नवी तळटीप घुसली की खालचं "तत्रैव" गुपचूप तिच्याकडे बोट दाखवायला लागतं, शांकरभाष्याचं वाक्य ज्ञानेश्वरीच्या नावावर जातं, आणि कॉम्प्युटर नंबर आपोआप बदलत असल्यामुळे वरवर सगळं नीटच दिसतं. तोवर प्रत्येक ठिकाणी छोटं नाव लिहा, "शांकरभाष्य, गीता १३.२ वर", कितीही वेळा आलं तरी.