दहा वेळांचा पास: आधी संपणारा आधी वापरा

योगवर्गाचा ‘10 वेळा, 60 दिवस’ असा पास देत असाल, तर मुदत कोणत्या दिवसापासून मोजायची हे पासवरच लिहा: पैसे भरल्यापासून की पहिल्या हजेरीपासून. ‘60 दिवस’ एवढंच लिहू नका, शेवटची तारीखच टाका. 1 जूनला पहिली हजेरी लागली आणि तो दिवस धरला, तर पास 30 जुलैला संपतो. न धरल्यास 31 जुलैला. वाद नेमका या एका दिवसावरून होतो.

खरी गडबड दोन पास एकत्र आले की होते. समजा, 30 जुलैला संपणाऱ्या पासवर 2 वेळा शिल्लक आहेत आणि त्या ताईंनी 25 जुलैला नवा पास घेतला. 26 तारखेची हजेरी नव्या पासवर टाकली, तर जुन्या दोन वेळा वाया जाऊ शकतात. म्हणून हजेरी नेहमी आधी संपणाऱ्या पासवर टाका. नव्याची मुदत त्याच्या पहिल्या हजेरीपासून धरलीत तर उत्तमच.

‘शिल्लक 7’ खोडून ‘6’ करत बसू नका. एखादी हजेरी राहिली तर नंतर सापडत नाही. शीटमध्ये प्रत्येक हजेरीची वेगळी ओळ करा: तारीख आणि पास क्रमांक. क्रमांक B स्तंभात असेल, तर शिल्लक अशी निघते:

```
=10-COUNTIF(B:B,"पास-14")
```

उत्तर उणे आलं, तर कुणीतरी संपलेल्या पासवर वर्ग केला आहे, किंवा तुम्ही चुकीचा क्रमांक लिहिला आहे. बहुधा दुसरंच.