कॉलच्या गोषवाऱ्यातील ‘पुढचा मंगळवार’ नेमका कोणता?

नागपुरात संत्र्याच्या व्यापाऱ्यांचे रेकॉर्ड केलेले कॉल ऐकून मी त्यांचे गोषवारे लिहितो. एका कॉलमध्ये बागवान म्हणाले, “पुढच्या मंगळवारी गाडी लावतो, महिनाअखेर मागचा हिशेब मिटवू.” कॉल शुक्रवार, ३० जानेवारी २०२६ रोजी झाला होता आणि गोषवारा सोमवारी, २ फेब्रुवारीला लिहायचा होता. लिहिण्याच्या दिवसापासून मोजले असते, तर महिनाअखेर २८ फेब्रुवारी ठरली असती. बोलण्याच्या दिवसापासून मोजल्यास ती ३१ जानेवारी येते.

म्हणून मी प्रत्येक गोषवाऱ्याच्या पहिल्या ओळीत कॉलची तारीख वारासह लिहितो आणि सारे हिशेब तिच्यापासूनच करतो. ही तारीख फाइलच्या ‘बदल केल्याची तारीख’ या रकान्यातून घेऊ नये, कारण फाइल दुसरीकडे पाठवली की तो रकाना बदलू शकतो. फोनने नावात घातलेली `20260130_181500` अशी नोंद अधिक भरवशाची असते.

मंगळवाराचा पेच मात्र निव्वळ कॅलेंडरने सुटत नाही, कारण कोणी ३ फेब्रुवारी धरतो तर कोणी १० फेब्रुवारी. पुढे ऐकल्यावर “रविवारी तोड आटोपली की दोन दिवसांत” हे वाक्य सापडले, आणि १ तारखेच्या रविवारनंतर दोन दिवसांनी ३ तारीखच येते. मी मूळ शब्द तसेच ठेवून लिहिले: ‘पुढच्या मंगळवारी (मंगळवार, ३ फेब्रुवारी २०२६)’. असा दुवा मिळाला नाही, तर दोन्ही तारखा लिहून बागवानांना फोन करून विचारतो.