हप्त्यावर घेतलेलं मशीन वहीत कसं चढवायचं: या चुका टाळा

बेळगावच्या उद्यमबागेत लेथ, मिलिंग नाहीतर ड्रिलिंगची मशिनं हप्त्यावर घेणारी वर्कशॉपं पुष्कळ आहेत. त्यांची वही लिहिणारी मुलं बहुधा बी.कॉम. शिकलेली असतात. परीक्षेत त्यांनी हायर पर्चेसची गणितं बरोबर सोडवलेली असतात, पण त्या गणितात मशीन १ एप्रिलला आलेलं असतं आणि हप्ता ३१ मार्चला पडतो. खरं मशीन असं मुहूर्त बघून येत नाही. ते ऑक्टोबरात येतं, हप्ता सप्टेंबरात पडतो आणि वर्ष मार्चमध्ये संपतं. वही चुकते ती बहुतेक वेळा इथंच.

अशाच एका वर्कशॉपचा हिशेब माझ्याकडे आला होता. मालकांचा पुतण्या वही घेऊन आला आणि म्हणाला, "काका, विक्रेत्याच्या पत्रकात ७,९८,६०० बाकी आहे, आमच्या वहीतही तेवढीच आहे. आकडा जुळूलाय की, मग ऑडिटवाले चूक का म्हणतात?"

आकडा जुळत होता, आणि तरीही वही चुकीची होती. त्याच हिशेबावरून एकेक चूक बघू. आकडे सोपे पडावेत म्हणून मी थोडे गोल केले आहेत.

मशीन १ ऑक्टोबर २०२३ रोजी आलं आणि त्याच दिवशी सुरू झालं. रोख किंमत ८,००,०००. सुरुवातीला १,३८,००० दिले, म्हणजे ६,६२,००० राहिले. त्यावर वार्षिक १० टक्के व्याज. दर ३० सप्टेंबरला २,६६,२०० चा एक, असे तीन हप्ते. हप्त्यांची बेरीज ७,९८,६००, सुरुवातीची रक्कम धरून एकूण ९,३६,६००. रोख किमतीपेक्षा जास्त जातात १,३६,६००, आणि ते सगळं व्याज आहे. (जीएसटी या आकड्यांत धरलेला नाही. त्याचं क्रेडिट घेतलं असेल, तर तो मशीनच्या किमतीत मिळवून त्यावर घसारा घेता येत नाही.)

मशीन खात्यावर ९,३६,६०० चढवणं

पुतण्याने करारावरची एकूण रक्कम उचलून थेट मशीन खात्याला नावे टाकली होती. विचार सरळ होता: "एवढे पैसे जाणार, म्हणजे मशीन एवढ्याला पडलं." पण मशीन ८ लाखांचंच आहे. वरचे १,३६,६०० पैसे उशिरा देण्याची किंमत आहेत, आणि ती जसजसे दिवस जातील तसतशी खर्चात पडायला हवी. खरेदीच्या दिवशीच्या बरोबर नोंदी दोनच:

मशीन खाते नावे ८,००,०००
  विक्रेता खाते जमा ८,००,०००

विक्रेता खाते नावे १,३८,०००
  बँक खाते जमा १,३८,०००

विक्रेत्याचं देणं राहिलं ६,६२,०००. त्याच्या पत्रकात मात्र ७,९८,६०० दिसतात, कारण तो पुढच्या तीन वर्षांचं व्याजही आत धरतो. म्हणून दोन्ही आकडे खरेदीच्या दिवशी तंतोतंत जुळले, तर समाधान मानू नका. पुढचं व्याज मशीनच्या किमतीत शिरलं आहे का, ते आधी तपासा.

कुणाला विक्रेत्याच्या पत्रकाशी जुळणारं खातंच ठेवायचं असेल, तर १,३६,६०० 'व्याज उचंती' खात्याला नावे टाकून विक्रेत्याला जमा द्यावेत आणि दर वर्षी त्या वर्षाचं व्याज उचंतीतून खर्चात न्यावं. ही पद्धतही मान्य आहे. फक्त ताळेबंदात उरलेली उचंती विक्रेत्याच्या बाकीतून वजा करून दाखवायची असते.

सगळ्या हप्त्यांत व्याज सारखं धरणं

हप्ता तिन्ही वेळा सारखाच, म्हणून व्याजही सारखंच असेल असं वाटतं. १,३६,६०० भागिले तीन, म्हणजे प्रत्येक हप्त्यात ४५,५३३. विकणाराही बोलताना सुमारे ६.९ टक्के 'फ्लॅट' सांगतो, तेही याच भागाकारातून आलेलं असतं. पण करार घटत्या बाकीवर १० टक्क्यांचा आहे. पहिल्या वर्षी ६,६२,००० वापरायला मिळाले, तिसऱ्या वर्षी फक्त २,४२,०००. दोन्ही वर्षांचं व्याज एकच कसं असेल?

पहिला हप्ता: व्याज ६६,२००, मुद्दल २,००,०००, बाकी ४,६२,०००.
दुसरा हप्ता: व्याज ४६,२००, मुद्दल २,२०,०००, बाकी २,४२,०००.
तिसरा हप्ता: व्याज २४,२००, मुद्दल २,४२,०००, बाकी शून्य.

तीन व्याजांची बेरीज १,३६,६०० येते. हा तक्ता खरेदीच्या दिवशीच करून फाईलला लावावा.

ही चूक सापडायला अवघड आहे. सारखं व्याज धरलं तरी शेवटी विक्रेता खातं शून्यावरच येतं आणि एकूण व्याजही तेवढंच भरतं. चूक दिसते ती मधल्या वर्षांत. पहिल्या हप्त्यानंतर चुकीच्या वहीत देणं ४,४१,३३३ दिसतं, खरं असतं ४,६२,०००. मालकांनी त्याच वेळी उरलेले पैसे एकदम फेडायचे ठरवले आणि विक्रेत्याने मुद्दलाची बाकी कळवली, की २०,६६७ चा फरक समोर येतो. तेव्हा विक्रेत्याशी वाद घालण्याआधी आपला तक्ता काढून बघा.

३१ मार्चला व्याज न धरणं

सगळ्यात जास्त वेळा भेटणारी चूक हीच. पहिला हप्ता सप्टेंबर २०२४ मध्ये आहे, म्हणून मार्च २०२४ च्या हिशेबात व्याजाचं नावच नाही. हप्ता पडला की सगळे ६६,२०० पुढच्या वर्षात. पण ऑक्टोबर ते मार्च हे सहा महिने मशीन चाललं, त्यावर माल निघाला, विकलाही गेला. त्या सहा महिन्यांचं व्याज त्याच वर्षात बसायला हवं. ६,६२,००० वर वर्षाचं व्याज ६६,२००, त्याचं निम्मं ३३,१००.

व्याज खाते नावे ३३,१००
  विक्रेता खाते जमा ३३,१००

करारात व्याज वर्षातून एकदा आकारलं जातं, म्हणून सहामाही व्याजावर पुन्हा व्याज लावायचं नाही. एप्रिल ते सप्टेंबरचे उरलेले ३३,१०० लावले, हप्ता दिला, की बाकी तक्त्याप्रमाणे ४,६२,००० वर येते. मग ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत त्या बाकीवर २३,१००. म्हणजे २०२४-२५ चं व्याज ५६,२००. पुढच्या वर्षी २३,१०० आणि १२,१०० मिळून ३५,२००, आणि २०२६-२७ मध्ये उरलेले १२,१००. हप्ते तीनच, पण व्याज चार आर्थिक वर्षांत पसरतं. तुमच्या वहीत ते तीनच वर्षांत दिसत असेल, तर मार्चची नोंद राहून गेली आहे.

घसारा चुकीच्या रकमेवर काढणं

घसाऱ्यात दोन टोकाच्या चुका होतात. एक म्हणजे ९,३६,६०० वर घसारा काढणं. दुसरी म्हणजे, "मालकी शेवटच्या हप्त्याला मिळणार, मग आत्ता घसारा कशाला?" असं म्हणून तो न काढणं, किंवा दिलेल्या पैशांपुरताच काढणं. मशीन झिजतं ते वापराने, हप्ता किती भरला हे त्याला ठाऊक नसतं. म्हणून घसारा पूर्ण रोख किमतीवर आणि मशीन वापराला तयार झाल्या दिवसापासून.

वर्कशॉपच्या वहीत दर १५ टक्के, घटत्या बाकीने. पहिल्या वर्षी सहा महिन्यांचे ६०,००० आणि मशीन ७,४०,००० वर. दुसऱ्या वर्षी १,११,०००, तिसऱ्या वर्षी ९४,३५०. ही बाकी आणि विक्रेत्याची बाकी यांचा एकमेकींशी संबंध नाही. देणं फिटलं तेव्हाही मशीन वहीत उभंच असतं.

प्राप्तिकराचा हिशेब वेगळा ठेवा. तिथे महिने मोजत नाहीत. वापर १८० दिवसांहून कमी असेल तर त्या वर्षी निम्मा दर, नाहीतर पूर्ण. १ ऑक्टोबर २०२३ ते ३१ मार्च २०२४ हे १८३ दिवस होतात, म्हणून तिथे पूर्ण १,२०,००० मिळतात. विजेचा वाढीव भार मंजूर व्हायला उशीर होऊन तेच मशीन १५ ऑक्टोबरला सुरू झालं असतं, तर दिवस १६९ भरले असते आणि घसारा निम्म्यावर आला असता. म्हणून मशीन प्रत्यक्ष चालू झाल्याची तारीख कागदावर असू द्या, नुसतं बिल पुरत नाही.

चुकलेली वही दुरुस्त कशी करायची

पुतण्याच्या वहीत मार्च २०२४ ला मशीन ८,६६,३५५ होतं: ९,३६,६०० मधून त्यावरचा सहा महिन्यांचा घसारा ७०,२४५ वजा. देणं ७,९८,६०० आणि व्याज शून्य. त्याने घसारा १०,२४५ जास्त काढला होता आणि व्याज ३३,१०० कमी धरलं होतं, म्हणजे नफा २२,८५५ ने फुगला होता. वर्ष बंद झालेलं असल्याने जुनी पानं खोडायची नाहीत. नव्या वर्षात तीन नोंदी करायच्या:

विक्रेता खाते नावे १,३६,६००
  मशीन खाते जमा १,३६,६००

मागील वर्षाचे समायोजन खाते नावे ३३,१००
  विक्रेता खाते जमा ३३,१००

मशीन खाते नावे १०,२४५
  मागील वर्षाचे समायोजन खाते जमा १०,२४५

मशीन आलं ७,४०,००० वर आणि देणं ६,९५,१०० वर. समायोजन खात्यात नावे बाकी राहिली २२,८५५, म्हणजे नफा जेवढा फुगला होता तेवढीच. पुतण्याने तीन वेळा बेरीज करून बघितली. मग विचारलं, "पण काका, विक्रेत्याचं पत्रक तर अजून ७,९८,६०० च दाखवतंय?" त्याला कागदावर मांडून दाखवलं: ७,९८,६०० मधून अजून न लागलेलं व्याज १,०३,५०० वजा केलं, की ६,९५,१०० उरतात. ही जुळवणी त्याने विक्रेत्याच्या पत्रकालाच टाचून ठेवली. सप्टेंबरात हप्ता गेला तेव्हा वहीतली बाकी ४,६२,००० आली का, हे त्याने स्वतःच तक्त्याशी ताडून बघितलं.